मोठी किंवा निनावी देणगी स्वीकारण्यापूर्वी: नव्या सभासदांसाठी पडताळणीची माहिती

सप्रेम नमस्कार.

या वर्षी न्यासाचे सभासद झालेल्या अनेकांनी मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. एखाद्याने आपल्या ओळखीने मोठी देणगी मिळवून दिली, पैसे बँकेत जमाही झाले, तरी कोषाध्यक्ष पावती का फाडत नाहीत आणि देणगीदाराकडे एवढी कागदपत्रे का मागतात, असा तो प्रश्न आहे. देणगी आणणाऱ्या सभासदाला यात संकोच वाटतो, हे मी समजू शकतो. म्हणून देणगी आपल्याकडे येते तेव्हापासून पावती हातात पडेपर्यंत काय काय केले जाते आणि ते का केले जाते, हे येथे क्रमाने लिहीत आहे. आपला न्यास अभ्यासिका आणि अल्पदरातील दवाखाना चालवतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली तो नोंदलेला आहे आणि आयकर कायद्याखाली त्याला सवलतीची नोंदणी मिळालेली आहे. पुढील सर्व माहिती अशा न्यासाला लागू पडणारी आहे. कलमांचे क्रमांक मी आयकर अधिनियम, १९६१ मधील दिले आहेत, कारण आपल्या पावत्यांवर आणि जुन्या फायलींत तेच आढळतात. आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनच्या व्यवहारांना लागू असल्याने त्या व्यवहारांसाठी नवे क्रमांक आणि नवे फॉर्म आपल्या सनदी लेखापालांकडून पाहून घ्यावेत.

पैसे जमा होणे म्हणजे देणगी स्वीकारणे नव्हे

दान पूर्ण होण्यासाठी देणाऱ्याने देणे आणि घेणाऱ्याने ते स्वीकारणे, या दोन्ही गोष्टी घडाव्या लागतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधील कलम १२२ ने दानाची व्याख्याच अशी केली आहे. आपल्या खात्याचा क्रमांक माहितीपत्रकावर छापलेला आहे आणि क्यूआर कोड दवाखान्याच्या भिंतीवर लावलेला आहे. त्यामुळे कोणीही, कोठूनही, केव्हाही पैसे पाठवू शकतो आणि ते जमा होण्याला आपल्या संमतीची गरज नसते. संमती द्यायची की नाही, हे आपण नंतर ठरवतो.

म्हणून ₹५०,००० किंवा त्याहून अधिक रकमेची, अथवा देणाऱ्याचे नाव उमगत नाही अशी कोणतीही रक्कम जमा झाली की ती प्रथम ‘अनामत देणगी’ या खात्यात नोंदवली जाते. पावती दिली जात नाही, आभाराचे पत्र पाठवले जात नाही, फलकावर नाव लिहिले जात नाही आणि त्यातील एक रुपयाही खर्च केला जात नाही. ₹५०,००० ही मर्यादा कायद्याची नाही. विश्वस्त मंडळाने ठराव करून ती आपल्यासाठी घालून घेतली आहे. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक देणग्या ₹५०० ते ₹५,००० च्या असतात आणि त्यांना ही पडताळणी लागू नाही. त्यांचे नाव, पत्ता आणि पॅन घेऊन लगेच पावती दिली जाते.

रोखीचे दोन आकडे

पडताळणी सुरू करण्यापूर्वी पैसे कोणत्या स्वरूपात येत आहेत, हे पाहावे लागते. रोख रकमेच्या बाबतीत दोन आकडे प्रत्येक सभासदाने लक्षात ठेवावेत. पहिला आकडा ₹२,००० चा आहे. त्याहून अधिक रोख देणगी आपण घेऊ शकतो, पण देणाऱ्याला तिच्यावर कलम ८०जी ची आयकरातील वजावट मिळत नाही. ही गोष्ट देणगी घेण्याआधी सांगितली पाहिजे, कारण पावती हातात पडल्यानंतर कळले तर माणसाला आपण फसवले गेलो असे वाटते.

दुसरा आकडा ₹२ लाखांचा आहे. कलम २६९एसटी नुसार एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, किंवा एकाच प्रसंगाच्या निमित्ताने ₹२ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेता येत नाही. ती घेतली तर घेतलेल्या रकमेएवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे न्यासाला होऊ शकतो. येथे ‘किंवा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ आपल्या दिवंगत वडिलांच्या वर्षश्राद्धानिमित्त दवाखान्याला ₹४,५०,००० रोख देण्यास निघाले होते. मर्यादा सांगितल्यावर त्यांनी सोमवार, मंगळवार आणि बुधवार असे तीन दिवस प्रत्येकी ₹१,५०,००० आणून देण्याची तयारी दाखवली आणि आपल्याच एका जुन्या सभासदाला त्यात काही गैर वाटले नाही. प्रत्येक दिवसाची रक्कम ₹२ लाखांच्या आत होती हे खरे, परंतु देणारा एक आणि प्रसंग एक असल्याने तिन्ही रकमा एकत्र धरल्या गेल्या असत्या. पत्नी आणि मुलाच्या नावे पावत्या विभागण्याची त्यांची दुसरी सूचनाही आम्ही नाकारली, कारण पैसे कोणाचे आहेत हे त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितले होते आणि ते माहीत असताना दुसऱ्याच्या नावाने पावती देणे म्हणजे खोटी पावती देणे होते. शेवटी त्यांनी धनादेश दिला आणि त्यांना वजावटही मिळाली.

देणगीदार कोण आहे

यानंतर ओळखीची पडताळणी सुरू होते. देणगीदाराकडून एका पानाचा जाहीरनामा भरून घेतला जातो. त्यात पूर्ण नाव, पत्ता, पॅन, कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्यातून पैसे आले, देणगी कशासाठी आहे आणि देणगीदाराचे नागरिकत्व कोणते, एवढीच माहिती असते. सोबत पॅन कार्डाची प्रत आणि ज्या खात्यातून पैसे आले त्या खात्याचा रद्द केलेला धनादेश किंवा पासबुकाचे पहिले पान घेतले जाते.

कागद मिळाले म्हणजे काम झाले, असे नाही. ते एकमेकांशी जुळवून पाहावे लागतात आणि ते काम कार्यालयात बसून दहा मिनिटांत होते. पॅनमधील चौथे अक्षर धारकाचा प्रकार सांगते. व्यक्तीसाठी ते P असते, कंपनीसाठी C, भागीदारी संस्थेसाठी F, हिंदू अविभक्त कुटुंबासाठी H आणि न्यासासाठी T असते. व्यक्तीच्या पॅनमध्ये पाचवे अक्षर आडनावाचे पहिले अक्षर असते. जाहीरनाम्यावर एका व्यक्तीची सही आहे, पण दिलेल्या पॅनचे चौथे अक्षर F आहे, असे दिसले तर देणगी त्या व्यक्तीची नसून तिच्या भागीदारी संस्थेची आहे, असे समजावे. मग पावती संस्थेच्या नावे द्यावी लागते आणि इतर भागीदारांची संमती असल्याचे पत्र घ्यावे लागते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या भगिनींच्या पॅनमध्ये जुन्या आडनावाचे अक्षर असू शकते. त्यामुळे अक्षर जुळले नाही एवढ्यावरून कोणाबद्दल शंका घेऊ नये, फक्त विचारून खात्री करावी.

याहून महत्त्वाची जुळणी बँक खात्याच्या नावाची आहे. बँकेच्या उताऱ्यात प्रत्येक एनईएफटी किंवा आरटीजीएस व्यवहारापुढे त्या व्यवहाराची ओळख सांगणारा यूटीआर क्रमांक आणि बहुधा पाठवणाऱ्याचे नाव असते. जाहीरनामा एकाचा आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यातून आले असतील, तर ज्याच्या खात्यातून पैसे आले तोच देणगीदार, असे आम्ही मानतो आणि जाहीरनामा त्याच्याकडून मागतो. ‘पैसे माझेच होते, मित्राच्या खात्यातून पाठवले’ एवढ्या तोंडी खुलाशावर पावतीवरील नाव बदलले जात नाही.

मोठी रक्कम कोठून आणि कशासाठी

₹५ लाखांपुढील देणगीसाठी दोन विश्वस्त देणगीदाराला प्रत्यक्ष भेटतात किंवा निदान फोनवर सविस्तर बोलतात. या भेटीला चौकशीचे स्वरूप येऊ नये याची काळजी घेतली जाते. पैसे निवृत्तीनंतर मिळालेले आहेत, जमीन विकून आलेले आहेत की व्यवसायातील आहेत, हे विचारण्यात आपला हेतू एवढाच असतो की देणगीची रक्कम आणि देणाऱ्याची परिस्थिती एकमेकांशी मेळ खाते का, ते पाहावे. ज्याने मनापासून दिले आहे, तो हे सहज सांगतो, असा माझा अनुभव आहे. उलट, सांगण्यात टाळाटाळ आणि पावतीची घाई एकत्र दिसली की मी सावध होतो.

विशेषतः तीन प्रकारचे प्रस्ताव आपल्यासमोर आले तर ते तेथेच थांबवावेत. एक म्हणजे, मोठ्या रकमेची पावती द्या आणि त्यातील काही भाग रोख परत करा, असा प्रस्ताव. तो करचोरीचा उघड प्रकार आहे आणि त्यात सापडलेल्या न्यासाची नोंदणी जाऊ शकते. दुसरा म्हणजे, एखाद्या कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी मिळवून देतो, पण आधी प्रक्रिया शुल्क भरा, असा निरोप. खरी कंपनी देणगी देण्यासाठी शुल्क मागत नाही. तिला हवा असतो तो आपला सीएसआर-१ नोंदणी क्रमांक. तिसरा प्रकार अधिक नाजूक आहे, कारण त्यात देणारा बहुधा आपल्याच गावचा आणि परिचयाचा असतो. देणगीच्या बदल्यात बांधकामाचे कंत्राट, दुकानाचा गाळा किंवा नातेवाईकाला नोकरी अशी अपेक्षा असते. २०२५ च्या वित्त अधिनियमाने केलेल्या बदलानंतर, एका वर्षात ₹१ लाखाहून अधिक किंवा आजवर एकूण ₹१० लाखांहून अधिक देणगी देणारी व्यक्ती कलम १३ खाली ‘हितसंबंधी’ व्यक्तींमध्ये मोडते. अशा व्यक्तीला न्यासाच्या पैशातून अवाजवी लाभ दिल्यास आपल्या करसवलतीला बाधा येते. म्हणून मोठ्या देणगीदारांची यादी खरेदी समितीकडेही दिलेली असते. त्यांच्याकडून काही घ्यायचेच झाले, तर इतर दोन ठिकाणची दरपत्रके मागवून, बाजारभावाने आणि लेखी ठरावानेच घेतले जाते.

पासपोर्टचा प्रश्न

जाहीरनाम्यातील नागरिकत्वाचा रकाना पाहून अनेकांच्या कपाळाला आठी पडते. आपल्या गावातली मुले-मुली अमेरिकेत, इंग्लंडमध्ये आणि ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेली आहेत. अभ्यासिकेत बसून शिकलेल्या त्या मुलांना संस्थेसाठी काही करावेसे वाटते आणि त्यांच्याकडे पासपोर्टची प्रत मागणे रुक्ष वाटते. तरीही ती मागावीच लागते, कारण विदेशी अंशदान विनियमन अधिनियम, २०१० मध्ये देणगी विदेशी आहे की नाही, हे पैसे कोणत्या चलनात किंवा कोठून आले यापेक्षा देणारा कोणत्या देशाचा नागरिक आहे, यावर ठरते.

परदेशात राहणारी, पण भारतीय पासपोर्ट असलेली व्यक्ती आपल्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देत असेल, तर ती विदेशी अंशदान ठरत नाही. आपण ती घेऊ शकतो, फक्त पासपोर्टची प्रत फायलीत ठेवावी लागते. याउलट, ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले आहे, त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले आणि त्याने पुण्यातल्या बँकेतील आपल्या खात्यातून रुपयांत पैसे दिले, तरी ते विदेशी अंशदान ठरते. असे अंशदान घेण्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि ते दिल्लीतील स्टेट बँकेच्या संसद मार्गावरील मुख्य शाखेत उघडलेल्या खास खात्यातच घ्यावे लागते. आपल्या न्यासाकडे अशी नोंदणी नाही. गेल्या वर्षी एका माजी विद्यार्थिनीने आईच्या स्मरणार्थ ₹३ लाख देऊ केले होते. तिने आठ महिन्यांपूर्वी परदेशी नागरिकत्व घेतल्याचे जाहीरनाम्यातून कळले आणि तिला नम्रपणे नाही म्हणावे लागले. तिला नाही म्हणताना मला वाईट वाटले. पण ‘भावाच्या खात्यातून पाठवते’ हा मार्गही सुचवू नका, सुचवला गेला तर मान्य करू नका, ही माझी सर्वांना आग्रहाची विनंती आहे, कारण पैसे मुळात कोणाचे आहेत हे आपल्याला ठाऊक असते.

गुप्तदान आणि निनावी देणगी यांतला फरक

आता ज्या विषयावरून सर्वाधिक गैरसमज आहे, त्याकडे येतो. आपल्याकडे गुप्तदान श्रेष्ठ मानले जाते आणि नाव न लावता देण्याची इच्छा बाळगणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. परंतु गुप्तदान आणि आयकर कायद्यातील निनावी देणगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलम ११५बीबीसी मध्ये निनावी देणगीची जी व्याख्या आहे, ती देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून नाही. ज्या देणगीच्या बाबतीत घेणाऱ्या संस्थेने देणाऱ्याचे नाव आणि पत्ता यांची नोंद ठेवलेली नाही, ती देणगी निनावी. म्हणजे फलकावर, अहवालात आणि वार्षिक सभेत ‘एक हितचिंतक’ एवढेच लिहिले, पण दप्तरात नाव आणि पत्ता नोंदलेला असला, तर ती देणगी जगासाठी गुप्त असूनही कायद्याच्या दृष्टीने निनावी राहत नाही.

यासाठी आपण ‘गोपनीय देणगीदार नोंदवही’ ठेवली आहे. ती कोषाध्यक्ष आणि कार्यवाह यांच्या संयुक्त कुलुपात असते. साध्या पावती पुस्तकात ‘हितचिंतक, गोपनीय क्रमांक अमुक’ असे लिहिले जाते आणि त्या क्रमांकापुढील नाव, पत्ता व जाहीरनामा या नोंदवहीत असतो. मात्र देणगीदाराला ‘हे कोणालाही कळणार नाही’ असे वचन कोणत्याही सभासदाने देऊ नये. विश्वस्त, लेखापरीक्षक, आयकर अधिकारी आणि धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय यांना आपल्या अधिकारात ती पाहता येते. शिवाय देणगीदाराला ८०जी ची वजावट हवी असेल, तर त्याचे नाव फॉर्म १०बीडी मधून आयकर खात्याला कळवावेच लागते. त्यामुळे ‘गावात कळणार नाही, फलकावर येणार नाही आणि सभेत वाचले जाणार नाही’ एवढेच सांगावे. ते आपण खात्रीने पाळू शकतो.

कायद्याने निनावी देणगीवर बंदी नाही, पण एका मर्यादेपलीकडे तिच्यावर ३० टक्के कर आहे आणि त्या भागाला न्यासाची सवलत मिळत नाही. वर्षभरातील एकूण देणग्यांचे ५ टक्के किंवा ₹१ लाख, यांपैकी जी रक्कम मोठी असेल, तेवढी निनावी देणगी या करातून सुटते. केवळ धार्मिक उद्देशांसाठी असलेल्या न्यासांना हा कर लागू नाही. म्हणून ‘देवस्थानाच्या हुंडीत लाखो रुपये येतात, त्यांना कोणी नावे विचारत नाही’ ही तुलना आपल्या अभ्यासिकेला आणि दवाखान्याला लागू पडत नाही.

आपली दानपेटी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन विश्वस्त आणि एक सभासद यांच्या समक्ष उघडली जाते. नोटांच्या मूल्यानुसार मोजणीचा कागद होतो, त्यावर तिघांच्या सह्या होतात आणि पैसे लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी बँकेत भरले जातात. पेटीतील पैशाला नाव नसते, त्यामुळे ते सगळे निनावीच. पेटीशेजारी नाव-पत्त्याची जागा छापलेली पाकिटे ठेवली आहेत ती त्यासाठीच.

एका पाकिटाची हकीकत

मागील एका गणेशोत्सवानंतर पेटी उघडली, तेव्हा तळाशी तपकिरी कागदात गुंडाळलेले एक पुडके निघाले. बँकेच्या कागदी पट्ट्या तशाच असलेली ₹५०० च्या नोटांची तीन बंडले, वर सुट्या दोन नोटा, म्हणजे एकूण ३०२ नोटा आणि ₹१,५१,०००. सोबत वहीच्या पानावर दोन ओळींची चिठ्ठी होती. दवाखान्यात औषधांसाठी वापरावे, नाव लावू नये, असे तिच्यात लिहिले होते.

त्या वर्षी आपल्या एकूण देणग्या, पेटीसह, ₹१८ लाखांच्या आसपास जाणार होत्या. त्यांचे ५ टक्के ₹९०,००० होतात, म्हणून ₹१ लाख ही मर्यादा लागू होती. पेटीतील इतर वर्षभराची जमा ₹७४,००० धरली होती. ती एकटी असती, तर काहीच कर लागला नसता. पुडके मिळवून निनावी देणगी ₹२,२५,००० झाली असती, मर्यादेपलीकडील ₹१,२५,००० वर ३० टक्क्यांनी ₹३७,५०० कर आणि त्यावर ४ टक्के उपकर ₹१,५००, असे ₹३९,००० भरावे लागले असते. औषधांसाठी दिलेल्या पैशांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक रक्कम करात गेली असती, आणि देणाऱ्याला याची कल्पनाही नसती.

आम्ही पंचनामा केला, चिठ्ठी आणि नोटांच्या पट्ट्या पाकिटात घालून लाखबंद केल्या आणि रक्कम अनामत खात्यात नोंदवून बँकेत भरली. मग सूचनाफलकावर एक छोटी सूचना लावली. पेटीत मोठी रक्कम ठेवणाऱ्या हितचिंतकांनी कोषाध्यक्षांना एकट्याने भेटावे, नाव गुप्त राहील, मात्र नोंद नसल्यास रकमेच्या एका भागावर कर लागेल, एवढाच मजकूर होता. रक्कम किती, चिठ्ठीत काय, पुडके कशात गुंडाळले होते, यातले काहीही सूचनेत लिहिले नाही, कारण खऱ्या देणगीदाराची ओळख पटवण्याचे तेच एक साधन आमच्याकडे होते.

नवव्या दिवशी संध्याकाळी दवाखाना बंद होत असताना एक निवृत्त शिक्षक आले. त्यांनी रक्कम सांगितली, तपकिरी कागद सांगितला, चिठ्ठीतील दोन्ही ओळी जवळजवळ शब्दशः सांगितल्या आणि खिशातून पासबुक काढून पुढे ठेवले. पेटी उघडण्याच्या चार दिवस आधी त्यांच्या बचत खात्यातून ₹१,५१,००० काढल्याची नोंद त्यात होती. घरात यावरून बोलणे नको, म्हणून त्यांनी हा मार्ग निवडला होता. त्यांच्याकडून जाहीरनामा घेतला, चिठ्ठीतील अक्षराशी त्यांचे अक्षर पडताळले आणि गोपनीय नोंदवहीत नोंद केली. रक्कम ₹२ लाखांच्या आत असल्याने रोखीचा निर्बंध आड आला नाही. रोख असल्याने वजावट मिळणार नाही, हेही त्यांना सांगितले आणि त्यांना ती नकोच होती. करापोटी जाणारे ₹३९,००० औषधांच्या कपाटात राहिले आणि आजही त्यांचे नाव आम्हा काही जणांपलीकडे कोणाला ठाऊक नाही.

खात्यात आपोआप आलेली रक्कम

सगळ्याच अनोळखी रकमा अशा नसतात. एका सोमवारी बँकेच्या उताऱ्यात ₹७,५०,००० ची एनईएफटी जमा दिसली. पाठवणारी कोणी एक व्यापारी पेढी होती आणि आमच्यापैकी कोणीही तिचे नाव ऐकले नव्हते. अनामत खात्यात नोंद करून मी शाखेला त्याच दिवशी लेखी कळवले. तिसऱ्या दिवशी फोन आला. बोलणारा अतिशय नम्र होता. त्याने सांगितले की देणगी ₹२,५०,००० चीच द्यायची होती, चुकून जास्त पैसे गेले, तेव्हा उरलेले ₹५ लाख आता देतो त्या खात्यात पाठवा आणि ₹२,५०,००० ची पावती ठेवा. जे खाते त्याने दिले, ते पैसे आले त्या खात्याहून वेगळे होते.

आमचा नियम असा आहे की रक्कम परत करायचीच झाली, तर ती ज्या खात्यातून आली त्याच खात्यात, पूर्णच्या पूर्ण आणि बँकेमार्फतच परत केली जाते. मी एवढेच उत्तर दिले. त्यानंतर फोन आला नाही. पुढच्या आठवड्यात बँकेने कळवले की त्या पेढीचीच कोणीतरी ऑनलाइन फसवणूक केली होती आणि तिच्या तक्रारीवरून ती रक्कम गोठवण्यात आली आहे. पैसे जसेच्या तसे पडून होते, त्यामुळे आमचे लेखी पत्र आणि विश्वस्तांचा ठराव एवढ्यावर ते मूळ खात्यात परत गेले. त्यातले ₹५ लाख आम्ही दुसऱ्या खात्यात पाठवले असते, तर आमच्याच ठेवींतून ते भरून द्यावे लागले असते आणि चौकशी संपेपर्यंत परिचारिकांचे पगारही अडकले असते.

निर्णय, पावती आणि कागदपत्रे

पडताळणी पूर्ण झाली की मी एक पानाची टिपणी विश्वस्त मंडळापुढे ठेवतो. ₹५ लाखांपर्यंतची देणगी कोषाध्यक्ष आणि कार्यवाह मिळून स्वीकारू शकतात, त्यापुढे मंडळाचा ठराव लागतो. त्यानंतरच रक्कम अनामत खात्यातून देणगी खात्यात जाते आणि पावती फाडली जाते. देणगी कायम निधीसाठी असेल, तर देणगीदाराचे तसे स्पष्ट लेखी पत्र पावतीच्या आधी हातात असले पाहिजे. नंतर मागून घेतलेल्या पत्राला कर आकारणीच्या वेळी वजन राहत नाही. साधारणपणे हे सारे पंधरा दिवसांत आटोपते. तीस दिवसांत देणगीदाराची ओळख पटली नाही आणि रक्कम बँकेतून आलेली असेल, तर ती आल्या वाटेने परत करण्यासाठी आम्ही बँकेला पत्र देतो. ३१ मार्चला अनामत खात्यात काही उरलेच, तर त्याचे काय करायचे हे लेखापरीक्षकांना विचारून ठरवले जाते.

आर्थिक वर्ष संपल्यावर देणग्यांचे विवरण फॉर्म १०बीडी मध्ये ३१ मेपर्यंत भरावे लागते आणि त्याच तारखेपर्यंत देणगीदारांना फॉर्म १०बीई हे प्रमाणपत्र द्यावे लागते. पॅनमधील एक अक्षर चुकले, तरी देणगीदाराच्या विवरणपत्रात वजावट दिसत नाही आणि त्याचा फोन जुलैमध्ये येतो. जाहीरनामे, पंचनामे, मोजणीचे कागद आणि ठरावांच्या प्रती संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून १० वर्षे जपून ठेवल्या जातात.

आपल्याकडे कोणी देणगीचा विषय काढला, तर सभासद म्हणून आपण कोणतीही रक्कम स्वतःच्या हातात किंवा स्वतःच्या खात्यात घेऊ नये, पावतीचे आश्वासन देऊ नये आणि देणगीदाराला जाहीरनाम्याचा कोरा नमुना द्यावा. नमुन्याच्या प्रती अभ्यासिकेच्या टेबलावरील निळ्या फायलीत आहेत. नाव गुप्त ठेवायचे असल्यास त्यातील शेवटच्या चौकटीत खूण करून नमुना बंद पाकिटात द्यावा. ते पाकीट मंगळवारी किंवा शुक्रवारी सायंकाळी पाच ते सात या वेळेत कार्यालयात माझ्याकडे किंवा कार्यवाहांकडेच द्यावे, टेबलावर ठेवून जाऊ नये.

आपला,
कोषाध्यक्ष